वाक्य नको, आक्षेप सांगा

लेखाचा खर्डा लँग्वेज मॉडेलला वाचायला द्यायचा, मांडणी कुठे घसरते आणि युक्तिवाद कुठे तुटतो एवढेच त्याच्याकडून काढून घ्यायचे आणि दुरुस्ती स्वतःच्या हाताने करायची, अशी मॉडेल वापरण्याची एक पद्धत आहे. तिची अट एकच: मॉडेलने लिहिलेले एकही वाक्य लेखात येता कामा नये. अट ऐकायला सोपी असली तरी पाळायला अवघड जाते, कारण चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांपैकी कोणतेही मॉडेल घेतले तरी त्याचा कल दोष दाखवून थांबण्याकडे नसतो. ‘या परिच्छेदाचा मुद्दा स्पष्ट होत नाही’ एवढे म्हणून ते गप्प बसत नाही. लगोलग ‘तो असा लिहिता येईल’ म्हणत अख्खा तयार परिच्छेद पुढे ठेवते.

तो परिच्छेद एकदा वाचला की विसरणे कठीण असते. ॲलन ब्राऊन आणि डॅना मर्फी या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही जणांना गटात बसवून एकेका प्रकारातली नावे आळीपाळीने सांगायला लावली. नंतर ‘तुम्ही स्वतः सांगितलेली नावे आठवा’ आणि ‘आता नवी नावे सांगा’ असे म्हटल्यावर काहींनी दुसऱ्याने उच्चारलेली नावे आपली म्हणून पुढे केली. त्यांत लबाडी नव्हती. शब्द लक्षात राहिला आणि तो कुठून आला हे पुसले गेले. मॉडेलच्या सुचवलेल्या वाक्याचेही असेच होते. दोन दिवसांनी तेच वाक्य लेखकाला स्वतःला सुचल्यासारखे सुचते. मराठीत याचा तोटा अधिक, कारण मॉडेलच्या मराठी वाक्यांना अनेकदा इंग्रजीचा सांगाडा असतो. ‘हे केवळ तळे नसून आशेचा झरा आहे’ या थाटाची वाक्ये, तीन-तीन विशेषणांच्या जोड्या आणि शेवटी सुविचार असा तो साचा. म्हणून वाक्य वाचून नाकारण्यापेक्षा ते मुळात डोळ्यांपुढे येऊच न देणे बरे.

मग मॉडेल वापरायचे तरी कशाला, असे कुणी विचारील. लेखक आपला खर्डा वाचतो तेव्हा कागदावर नसलेलेही त्याला दिसत असते. तिसऱ्या परिच्छेदात काय सांगायचे होते ते त्याला ठाऊक असते, त्यामुळे ते तिथे लिहिलेले आहे असेच तो धरून चालतो. मॉडेलला लेखकाच्या मनातले काही माहीत नसते. त्याच्यापुढे फक्त मजकूर असतो. त्या मजकुरातून काय निघते एवढे ते बऱ्यापैकी सांगू शकते, आणि हे त्याच्या मराठीपेक्षा पुष्कळ भरवशाचे असते. मजकूर खरा आहे की खोटा, हे मात्र त्याच्या सांगण्यावरून ठरवता येत नाही.

ही पद्धत एका खर्ड्यावर लावून पाहू. समजा, शेततळ्यांवरचा एक लेख आहे. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केली. शेतात खड्डा घेऊन पावसाचे वाहून जाणारे पाणी साठवायचे, ही त्यामागची कल्पना. लेखात नऊ परिच्छेद आहेत. पहिल्यात टँकरची वाट पाहणारे गाव, दुसऱ्यात योजनेची माहिती, तिसऱ्यात एका शेतकऱ्याची डाळिंबाची बाग, चौथ्यात अनुदान, पाचव्यात उघड्या तळ्यातून होणारे बाष्पीभवन, सहाव्यात दुसऱ्या शेतकऱ्याची द्राक्षे. सातव्यात लेखाचा मुख्य दावा येतो: शेततळ्यांमुळे गावाचा पाणीप्रश्न सुटतो. आठव्यात खर्चाबद्दलचा आक्षेप आणि त्याला उत्तर, नवव्यात सरकारकडून अपेक्षा.

मॉडेल उघडण्याआधी लेखकाने एक काम करायचे असते. प्रत्येक परिच्छेदाला आकडा द्यायचा आणि तो परिच्छेद काय सांगतो ते एका ओळीत वेगळ्या कागदावर लिहून ठेवायचे. ‘कशाबद्दल आहे’ हे नाही, ‘काय सांगतो’ हे. ‘डाळिंबाच्या बागेबद्दल’ ही ओळ चालणार नाही. ‘शेततळ्यामुळे दुष्काळातही पाणी पुरले’ ही चालेल. हा कागद मॉडेलला दाखवायचा नाही. त्यानंतर नव्या चॅटमध्ये आकडे घातलेला खर्डा चिकटवून मॉडेलकडूनही अशाच नऊ ओळी मागायच्या. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की पहिली तपासणी झाली.

या तपासणीत मॉडेलने कोणताही दोष काढलेला नसतो. त्याने फक्त आपण काय वाचले ते सांगितलेले असते, आणि फरक शोधायचे काम लेखकाकडे राहते. शेततळ्याच्या लेखात तिसऱ्या परिच्छेदासमोर लेखकाने लिहिले होते: ‘शेततळ्यामुळे गावाला दुष्काळात आधार मिळतो.’ मॉडेलची ओळ आली: ‘एका शेतकऱ्याची डाळिंबाची बाग तळ्यातल्या पाण्यावर उन्हाळ्यात टिकली.’ सहाव्या परिच्छेदाची ओळही तशीच, फक्त डाळिंबाच्या जागी द्राक्षे. लेखकाच्या मनात गाव होते, कागदावर मात्र दोन शेतकरी. शिवाय तिसरा आणि सहावा परिच्छेद एकच गोष्ट दोनदा सांगतात, हेही यादीवरूनच दिसले. वाक्यांचा फुलोरा गळून पडला की अशी पुनरुक्ती लपत नाही.

दुसरी फेरी युक्तिवादाची. ती वेगळ्या, नव्या चॅटमध्ये घ्यावी, नाही तर मॉडेल स्वतःच्याच आधीच्या ओळींना धरून बोलत राहते. इथे प्रॉम्प्ट नेमका लागतो. ‘लेख कसा वाटला?’ या प्रश्नाला कौतुक मिळते, आणि ‘सुधारून दे’ म्हटले की नको असलेली वाक्ये मिळतात. चालणारा प्रॉम्प्ट साधारण असा असतो:

‘खाली एका मासिकाकडे आलेल्या लेखाचा खर्डा आहे. परिच्छेदांना आकडे दिले आहेत. लेखाचा मुख्य दावा कोणत्या परिच्छेदात आहे ते सांग. तो दावा ज्या पुराव्यावर उभा आहे, त्यांचे परिच्छेद-क्रमांक दे. पुराव्यावरून दाव्याकडे जाताना न लिहिता धरून चाललेली गोष्ट कोणती, ती प्रश्नाच्या रूपात विचार. प्रत्येक आक्षेपासोबत खर्ड्यातले तीन-चार शब्द जसेच्या तसे उद्धृत कर. पर्यायी वाक्य, शीर्षक, शब्द किंवा नमुना देऊ नकोस. दोष नसेल तिथे दोष नाही असे लिही.’

यातला एकेक तुकडा कशासाठी आहे हे कळले तर तो गरजेप्रमाणे बदलता येतो. ‘मासिकाकडे आलेला लेख’ हे शब्द खुशामत टाळण्यासाठी आहेत. मॉडेलला माणसांच्या पसंतीवरून घडवलेले असते आणि माणसांना आपली बाजू घेणारे उत्तर आवडते. तो गुण मॉडेलमध्ये उतरतो. अँथ्रॉपिक या कंपनीतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की एकाच मजकुराबद्दल वापरणाऱ्याने ‘मला हे आवडले’ म्हटले तर मॉडेलचा अभिप्राय गोड होतो आणि ‘आवडले नाही’ म्हटले तर कडवट. म्हणून खर्डा स्वतःचा आहे हे न सांगितलेले बरे, आणि तो कसा वाटतो हे तर मुळीच सांगू नये.

आक्षेप प्रश्नाच्या रूपात मागायचा, कारण प्रश्न उचलून लेखात चिकटवता येत नाही. त्याला उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर लेखकाच्या शब्दांत येते. खर्ड्यातले शब्द उद्धृत करायला लावायचे ते पडताळणीसाठी. मॉडेल कधी कधी खर्ड्यात नसलेले वाक्य आहे असे समजून त्यावर टीका करते. शब्द जसेच्या तसे दिले असतील तर शोधपट्टीत टाकून क्षणात तपासता येतात. सापडले नाहीत तर तो आक्षेप तिथेच संपला. आणि ‘दोष नसेल तिथे तसे लिही’ ही मुभा दिली नाही तर मॉडेल दोष उकरून काढते. पाच चुका मागितल्या की पाचच मिळतात, लेख कितीही चोख असला तरी. याची खात्री हवी असेल तर एखाद्या नामवंत लेखकाचा जुना, कसलेला निबंध असाच देऊन पाहावा. त्यातही पाच निघतात.

न लिहिता धरून चाललेली गोष्ट हा या फेरीचा गाभा. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टुलमिन यांनी १९५८ साली युक्तिवादाची जी फोड मांडली, तिच्यात दावा, त्याचा आधार आणि आधारावरून दाव्यापर्यंत नेणारा पूल असे तीन मुख्य भाग आहेत. लेखात बहुतेकदा पहिले दोन लिहिलेले असतात आणि पूल वाचकाच्या समजुतीवर सोडलेला असतो. आपल्याकडच्या न्यायशास्त्रात प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशी पाच अवयवांची मांडणी आहे, आणि सिद्धान्ताआधी पूर्वपक्ष नीट मांडण्याची रीतही जुनी आहे. मॉडेलला यातली कोणतीही चौकट सांगितली तरी चालते. चौकट दिली नाही तर मात्र आक्षेप ‘अधिक उदाहरणे द्या’, ‘भाषा सोपी करा’ अशा कुठल्याही लेखाला लागू पडणाऱ्या गोष्टींवर घसरतात.

शेततळ्याच्या लेखावर या फेरीत आलेला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा होता: परिच्छेद ३ मध्ये ‘विहिरीवरून पंप लावून’ तळे भरल्याचे लिहिले आहे, मग परिच्छेद ७ मधले गावाचे पाणी वाढले कसे? लेखकाने हा तपशील स्वतः गोळा केला होता, स्वतः लिहिला होता आणि त्याचा अर्थ त्याच्या नजरेतून निसटला होता. सातवा परिच्छेद धरून चालला होता की तळ्यातले पाणी पावसाचे आहे, वाहून गेले असते ते अडवलेले आहे. पण प्लास्टिक अंथरलेले तळे विहिरीतून किंवा बोअरमधून भरले तर त्यात नवे पाणी काहीच नसते. सगळ्या शिवाराच्या भूजलातले पाणी उपसून एकाच्या तळ्यात ठेवले जाते, खाली प्लास्टिक असल्याने ते पुन्हा जमिनीत मुरत नाही आणि वरून उन्हाने उडत राहते. ज्याचे तळे त्याची बाग तगते. शेजारच्या विहिरीची पातळी मात्र खाली जाते. महाराष्ट्रातल्या शेततळ्यांवर अभ्यासकांनी घेतलेला हा खरा आक्षेप आहे, आणि लेखात त्याचा मागमूस नव्हता. आठव्या परिच्छेदात लेखकाने खंडन केले होते ते खर्चाच्या आक्षेपाचे, म्हणजे सर्वांत दुबळ्या पूर्वपक्षाचे.

त्याच उत्तरात आणखी तीन आक्षेप होते, आणि तिघांची गत वेगवेगळी झाली. एक म्हणत होता की चौथ्या परिच्छेदात अनुदानाच्या रकमेला आधार दिलेला नाही. आधार त्याच परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत होता; आक्षेप रद्द. दुसरा म्हणत होता की बाष्पीभवनाचा पाचवा परिच्छेद सातव्याच्या विरोधात जातो. विरोध नव्हता, पण पाचव्याची जागा चुकली आहे हे लेखकाला त्यावरून उमगले: बाष्पीभवन हा शेततळ्यावरचा आक्षेप आहे, तो माहितीत न ठेवता आठव्यात जायला हवा. मॉडेलचे निदान चुकीचे, बोट मात्र दुखऱ्या जागेवर. असे वारंवार घडते, म्हणून आक्षेप चुकीचा ठरला तरी तो जिथे घेतला ती जागा एकदा पाहून घ्यावी. तिसरा आक्षेप सांगत होता की टँकरच्या गावाने सुरुवात करू नये, मुद्दा पहिल्याच परिच्छेदात मांडावा.

हा तिसरा आक्षेप जवळपास प्रत्येक लेखावर येतो. मॉडेलच्या शिकवणीत इंग्रजी मजकुराचा वाटा फार मोठा, आणि आधी दावा, मग मुद्दे, मग समारोप ही मांडणी तिकडच्या शाळा-कॉलेजांतल्या निबंधांत पक्की बसलेली. मॉडेलला तीच मांडणी सुदृढ वाटते आणि तिच्यापासून दूर जाणारा लेख विस्कळीत. एखाद्या प्रसंगातून, आडवळणाने मुद्द्यावर येण्याची मराठी लेखाची रीत तिला दोष वाटतो. ललित लेखाला तर ही कसोटी लावूच नये. तिथे मॉडेल जे ‘विषयांतर’ म्हणून दाखवते तोच अनेकदा लेखाचा जीव असतो. शेततळ्याच्या लेखकाने टँकर जिथे होता तिथेच ठेवला, कारण लेख ज्या टंचाईबद्दल आहे ती वाचकाला त्या दृश्यातच दिसते. मांडणीबद्दलचा सल्ला आंधळेपणाने घेत गेले तर वाक्ये स्वतःची असूनही लेख मात्र इतर शंभर लेखांसारखा होतो, आणि ही उसनवारी वाक्याच्या उसनवारीपेक्षा उशिरा लक्षात येते.

कोणता आक्षेप गंभीरपणे घ्यायचा याची एक ढोबळ चाचणी आहे. तोच खर्डा, तोच प्रॉम्प्ट, पण पुन्हा नव्या चॅटमध्ये द्यायचा. मॉडेल पुढचा शब्द निवडते त्यात थोडा यदृच्छेचा भाग असतो, त्यामुळे दोन उत्तरे सारखी येत नाहीत. दोन्ही वेळा एकाच परिच्छेदावर, एकाच कारणाने आक्षेप आला तर तिथे काहीतरी असण्याची शक्यता जास्त. एकदाच आला तर तो बहुधा हवेतला. शेततळ्याच्या लेखात विहिरीचा प्रश्न दोन्ही वेळा आला, अनुदानाचा एकदाच. ही चाचणी सत्य सिद्ध करत नाही. सुरुवातीच्या टँकरवरचा आक्षेपही दोन्ही वेळा आलाच होता, कारण तो मॉडेलचा ठाम पूर्वग्रह आहे. फार लांब मजकुराबाबत आणखी एक काळजी घ्यावी. लांबलचक मजकुराच्या मधल्या भागातले तपशील मॉडेलच्या हातून निसटतात, हे २०२३ मधल्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसले होते. हजार-दीड हजार शब्दांच्या लेखाला याची फारशी झळ लागत नाही. पुस्तकाचे प्रकरण असेल तर तुकड्यातुकड्याने द्यावे.

एवढी तंबी देऊनही मॉडेल कधी तरी ‘उदाहरणार्थ, असे लिहिता येईल’ म्हणून सुरू होतेच. तिथे त्याच्याशी हुज्जत घालू नये. ते वाक्य त्या चॅटमध्ये राहिले की पुढची उत्तरेही त्याच्याच आजूबाजूला फिरतात. चॅट बंद करून नव्याने सुरुवात करावी आणि उत्तर तक्त्यात मागावे: परिच्छेद-क्रमांक, दोषाचा प्रकार, प्रश्न. तक्त्याच्या अरुंद खणात परिच्छेद लिहायला जागा कमी, त्यामुळे मॉडेल आपोआप तोटके बोलते.

दुरुस्तीला बसताना मॉडेलची खिडकी बंद असावी. टिकलेले आक्षेप लेखकाने स्वतःच्या शब्दांत, दोन-तीन शब्दांत, वहीत उतरवून घ्यावेत: ‘३ – पाणी कुणाचे?’, ‘६ – पुनरुक्ती’, ‘५ – जागा बदल’. पुढचे काम या टिपणावरून. शेततळ्याच्या लेखकाला मात्र टेबलावर बसून भागले नाही. विहिरीच्या प्रश्नाचे उत्तर खर्ड्यात नव्हते आणि मॉडेलकडे असण्याचे कारणच नव्हते. त्याला पुन्हा त्या शेतकऱ्यांना विचारावे लागले की तळे कोणत्या महिन्यात भरता, विहिरीतून की बोअरमधून, आणि शेजारच्या विहिरींना त्या वेळी किती पाणी असते. दुसऱ्या खर्ड्यात द्राक्षाचा परिच्छेद गेला. त्याच्या जागी शेजारच्या विहिरीचा आला. दावाही बदलला: पावसाच्या पाण्याने भरणारे, प्लास्टिक नसलेले तळे आणि भूजल उपसून भरलेले तळे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अनुदान देताना दोन्हींना एकाच मापाने मोजू नये. लेख पहिल्यापेक्षा आखूड झाला आणि त्याचा दावाही लहान झाला, पण तो आता पुराव्याला पेलणारा होता.

दुसरा खर्डा झाल्यावर गळती तपासायची. मॉडेलच्या उत्तरांतले ठसठशीत शब्दप्रयोग, सलग तीन-चार शब्दांचे, नव्या खर्ड्यात शोधून पाहायचे. सापडले आणि ते सर्वांच्या बोलण्यातले नसतील तर ते वाक्य खोडून पुन्हा लिहावे. यानंतर हवे तर पहिली फेरी, परिच्छेदागणिक एका ओळीची, परत घ्यावी. दोन्ही याद्या आता बऱ्याच जुळायला हव्यात. युक्तिवादाची फेरी मात्र पुन्हा पुन्हा घेण्यात फायदा नाही. दरवेळी काही ना काही आक्षेप येतोच, आणि तो शमवण्यासाठी लेखक ‘काही अंशी’, ‘बहुतांश ठिकाणी’ असे शब्द पेरत जातो, तोवर लेखाची धार गेलेली असते.

खर्डा कुणाचा, हा प्रश्न या सगळ्याआधी सुटलेला असावा. स्वतःचा लेख द्यायला हरकत नाही, पण त्यात कुणी विश्वासाने सांगितलेली माहिती, नावे, फोन नंबर असतील तर ती आधी काढून टाकावीत आणि आपला मजकूर मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरू न देण्याची सोय सेटिंगमध्ये असल्यास ती चालू करावी. दुसऱ्याचा अप्रकाशित लेख संपादकाने किंवा परीक्षकाने त्याच्या परवानगीशिवाय मॉडेलला देऊ नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये संशोधन-निधीचे अर्ज तपासणाऱ्या परीक्षकांना असे करायला मनाई केली, ती गोपनीयतेच्याच कारणाने. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा नियम असा, की लेखनाच्या कामात अशा साधनाची मदत घेतली असल्यास ती कशी घेतली हे लेखकाने सांगावे. मराठी मासिकाचा असा छापील नियम नसेल, तर लेख पाठवताना पत्रात एक ओळ पुरते: मांडणीवरचे आक्षेप मॉडेलकडून घेतले, मजकूर सगळा लेखकाचा. मॉडेलला दिलेले प्रॉम्प्ट, त्याची उत्तरे आणि दोन्ही खर्डे तारीख घालून ठेवले असतील तर संपादकाने विचारल्यावर ते दाखवता येतात.